युनिव्हर्सल रिमोटचा कोड लागत नाही, तेव्हा काय करायचं

टीव्हीचा मूळ रिमोट हरवला किंवा फुटला की बाजारात दोन पर्याय असतात. एक म्हणजे त्याच मॉडेलचा तयार रिमोट. सेल घातले की तो चालू होतो, कोडची भानगड नाही. दुसरा युनिव्हर्सल. त्याच्याबरोबर बारीक अक्षरांचा एक घडीचा कागद येतो आणि त्यावर कंपन्यांची नावं व त्यांच्यापुढे तीन किंवा चार आकडी कोड छापलेले असतात. पहिला मिळत असेल तर तोच घ्या, किमतीत फारसा फरक नसतो. पण तालुक्याच्या गावी तो मिळेलच असं नाही, आणि टीव्ही जुना किंवा कमी खपाच्या ब्रँडचा असला तर सांगलीच्या गणपती पेठेतही हात हलवत परत यावं लागतं. मग युनिव्हर्सल घरी येतो, कागदावरचे कोड एकामागून एक टाकले जातात आणि शेवटी ऐकू येतं, "सगळे टाकून बघितले, एकबी लागंना." अशा वेळी दोष कोडचा, रिमोटचा की टीव्हीचा हे आधी ठरवता आलं पाहिजे. ते न ठरवता दुसरा रिमोट विकत आणला तर तोही बहुधा तसाच पडून राहतो.

कागदावरचा कोड नक्की कशाचा

रिमोटच्या तोंडाशी एक छोटा एलईडी असतो. तो डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड प्रकाशाच्या लुकलुकीतून टीव्हीला दोन गोष्टी सांगतो: हा निरोप कोणासाठी आहे आणि काय करायचं आहे. पहिल्या भागाला पत्ता म्हणू, दुसऱ्याला आज्ञा. टीव्ही फक्त स्वतःच्या पत्त्यावर आलेला निरोप ऐकतो, म्हणून सोनीच्या रिमोटने शेजारचा सॅमसंग बंद पडत नाही. शिवाय ही लुकलुक सेकंदाला साधारण ३८ हजार वेळा व्हावी अशी बहुतेक टीव्हींची अपेक्षा असते. सोनीची ४० हजारांची, तर फिलिप्सच्या जुन्या पद्धतीची ३६ हजारांची.

युनिव्हर्सल रिमोटच्या चिपमध्ये अशा शेकडो पत्त्यांची आणि आज्ञांची यादी भरलेली असते. कागदावरचा कोड हा त्या यादीतल्या पानाचा नंबर आहे. दुसऱ्या पुस्तकात त्याच नंबरच्या पानावर वेगळंच काही असणार. म्हणून इंटरनेटवर कुणीतरी सांगितलेला 'सॅमसंगचा कोड' तुमच्या रिमोटला लागेल असं गृहीत धरू नका. तो कोड टीव्हीचा नसतो, त्या माणसाच्या हातातल्या रिमोटचा असतो. तीन आकडी कोड घेणाऱ्या रिमोटवर चार आकडी कोड टाकत बसणं तर निव्वळ वेळ घालवणं आहे. कागद हरवला असेल तर रिमोटच्या पाठीवर किंवा सेलच्या खोबणीत छापलेला मॉडेल नंबर शोधा आणि नेमकी त्या मॉडेलची यादी मिळवा.

कोड टाकण्याची रीत

आधी सेल बघा. नवे दोन सेल मिळून ३ व्होल्टच्या आसपास देतात. घड्याळातून काढलेल्या अर्धमेल्या सेलवर रिमोटचा लाल दिवा लागतो, पण पुढचा इन्फ्रारेड एलईडी क्षीण पडतो. मग बरोबर कोडही चुकीचा वाटतो, आणि या घोळात तासभर सहज जातो. चार्ज करायचे सेल १.२ व्होल्टचे असतात. काही स्वस्त रिमोट त्यांवर कुरकुरतात, तेव्हा निदान जोडणी होईपर्यंत साधे नवे सेल घाला.

टीव्ही त्याच्या अंगावरच्या बटणाने चालू करा. हल्लीच्या एलईडी टीव्हीला हे बटण खालच्या कडेला, लोगोच्या मागे किंवा पाठीमागे उजवीकडे असतं. बोटाने चाचपून सापडतं. टीव्ही चालू असणं महत्त्वाचं का, ते पुढे स्वयंशोधात कळेल.

आता रिमोटवरचं 'सेट' बटण दाबून धरा. साधारण तीन सेकंदांनी लाल दिवा लागून स्थिर राहतो, तेव्हा बटण सोडा. ज्या रिमोटवर टीव्ही, डीव्हीडी, सेटटॉप बॉक्स अशी वेगवेगळी बटणं असतात, त्यावर बहुधा 'सेट'ऐवजी 'टीव्ही' हेच बटण धरायचं असतं किंवा दोन्ही एकत्र. कागदाच्या पहिल्या दोन ओळींत ते लिहिलेलं असतं. दिवा स्थिर असतानाच कोडचे आकडे टाका. प्रत्येक आकड्याला दिवा एकदा मिचकावतो. शेवटचा आकडा टाकल्यावर दिवा विझला, तर रिमोटने तो कोड स्वीकारला. न विझता तसाच राहिला किंवा भराभर लुकलुकला, तर तो नंबर यादीत नाही किंवा आकडे टाकायला उशीर झाला. काही सेकंद काहीच दाबलं नाही की रिमोट आपोआप या अवस्थेतून बाहेर पडतो, म्हणून कागद आधीच समोर उघडून ठेवा.

इथे एक गैरसमज फार होतो. दिवा विझला म्हणजे कोड 'लागला' असं वाटतं. रिमोटने कोड घेतला, एवढाच त्याचा अर्थ. टीव्हीला तो पटला का, हे रिमोटला कळत नाही. इन्फ्रारेड रिमोट फक्त बोलतो, त्याला ऐकू येत नाही. त्यामुळे प्रत्येक कोडनंतर टीव्हीकडे बघूनच तपासायचं: आधी आवाज, मग म्यूट, मग मेनू, मग सोर्स. पॉवर बटण शेवटी, नाहीतर टीव्ही चालू-बंद करण्यातच वेळ जातो.

निम्मी बटणं चालतात तेव्हा

आवाज कमी-जास्त होतो, पण मेनू उघडत नाही. किंवा मेनू दाबल्यावर सोर्सची यादी येते. याचा अर्थ पत्ता जुळला आहे, आज्ञांचा तक्ता मात्र त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलचा आहे. हा कोड कागदावर खूण करून ठेवा आणि त्याच ब्रँडपुढचे बाकीचे कोड टाका. बरोबर कोड बहुतेकदा त्याच ओळीत सापडतो. आवाज, पॉवर आणि सोर्स चालले, पण 'होम' किंवा यूट्यूबचं बटण कोणत्याच कोडने चालेना, तर त्या रिमोटची यादी स्मार्ट टीव्हीच्या आधीची आहे. त्यावर कोड शोधत राहण्यात अर्थ नाही. ती बटणं वेगळी शिकवावी लागतील.

नाव एक, आतला टीव्ही दुसऱ्याचा

ब्रँडच्या ओळीतले सगळे कोड संपले की लोक थांबतात. तिथे थांबू नका, कारण टीव्हीच्या पुढच्या पट्टीवरचं नाव आणि टीव्ही बनवणारा हे बरेचदा वेगळे असतात. सॅन्सुई आणि अकाईचे टीव्ही भारतात एके काळी व्हिडिओकॉन विकत असे. म्हणून त्या काळातल्या सॅन्सुईला व्हिडिओकॉनच्या ओळीतला कोड लागू शकतो. थॉमसन हे नाव मूळ फ्रान्सचं, पण २०१८ पासून भारतात त्या नावाचे टीव्ही सुपर प्लास्ट्रॉनिक्स ही कंपनी बनवते आणि कोडॅकचे टीव्हीही तीच बनवते. कागदावर 'थॉमसन'पुढे जुन्या युरोपीय संचांचे कोड छापलेले असले तर ते इथल्या थॉमसनला लागण्याची शक्यता कमी, कोडॅकचा मात्र बघावा. आयफाल्कन असेल तर टीसीएलचे कोड, रेडमी असेल तर शाओमी किंवा मीचे, नवा तोशिबा असेल तर हायसेन्सचे.

टीव्हीच्या पाठीवरचा स्टिकर वाचला की अर्धं काम होतं. मॉडेल नंबराबरोबर त्यावर बनवणाऱ्या कंपनीचं नाव असतं. कोडच्या यादीत तेच नाव शोधा.

स्वयंशोध, म्हणजे ऑटो सर्च

कागद बाजूला ठेवून रिमोटलाच सगळी यादी चाळायला लावता येते. 'सेट' धरून दिवा स्थिर करा, रिमोट टीव्हीवर रोखा आणि पॉवर दाबून धरा. काही रिमोटवर पॉवरऐवजी आवाजाचं 'प्लस' असतं. रिमोट साधारण दीड-दोन सेकंदांना एक याप्रमाणे प्रत्येक पानावरची ती एकच आज्ञा पाठवत जातो. टीव्ही बंद झाला किंवा पडद्यावर आवाजाची पट्टी आली की लगेच बटण सोडा. यादी २५० कोडची असेल तर पूर्ण फेरीला आठेक मिनिटं लागतात, तेव्हा रिमोट हातात न धरता टेबलावर पुस्तकाला टेकवून ठेवलेला बरा.

टीव्ही चालू ठेवायला सांगितलं ते यासाठी. चालू टीव्ही बंद व्हायला क्षणभर लागतो. बंद स्मार्ट टीव्ही उठून चित्र दाखवीपर्यंत कित्येक सेकंद जातात, आणि तेवढ्यात रिमोट चार-पाच पानं पुढे गेलेला असतो. लोक सोडतात तो कोड चुकीचा निघतो आणि 'ऑटो सर्चमध्ये सापडला होता, पण चालत नाही' ही तक्रार तिथून येते. चालू टीव्हीवरही बटण सोडायला उशीर होऊ शकतो. तसं झालं तर पुन्हा 'सेट' करा आणि यावेळी बटण दाबून न धरता एकेकदा, दोन-दोन सेकंद थांबत दाबा. बहुतेक रिमोट आता जिथे आहेत तिथूनच पुढे सरकतात. आवाजाच्या 'मायनस'ने मागे सरकता येत असेल तर कागदावर तसं लिहिलेलं असतं, आणि तसं असेल तर काम फारच सोपं.

स्वयंशोधात सापडलेला पहिला कोड अनेकदा निम्माच चालणारा असतो, कारण तिथे फक्त एक बटण तपासलं गेलं आहे. मेनू आणि सोर्स दाबून बघा, जमलं नाही तर पुढे शोधत राहा.

एकही कोड लागला नाही

आता तपास सुरू होतो, आणि त्याचा क्रम महत्त्वाचा. रिमोट प्रकाश टाकतोय का, टीव्ही तो घेतोय का, आणि दोन्ही ठीक असेल तर भाषा जुळतेय का.

रिमोटसाठी मोबाइलचा पुढचा, म्हणजे सेल्फीचा कॅमेरा उघडा. मागच्या कॅमेऱ्याला बहुधा इन्फ्रारेड अडवणारी काच असते, पुढच्याला ती कमजोर असते. रिमोटचं तोंड कॅमेऱ्याकडे धरून कोणतंही बटण दाबा. पडद्यावर जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकला तर रिमोट बोलतोय. काहीच दिसलं नाही तर लगेच रिमोटला दोष देऊ नका. आधी घरातल्या चालत्या सेटटॉप बॉक्सचा रिमोट त्याच कॅमेऱ्यासमोर धरून बघा, म्हणजे कॅमेराच दाखवत नाही का ते कळेल.

टीव्हीची बाजू तपासायची सगळ्यात चांगली सोय आपल्या घरांत सहज असते, पण कुणाच्या लक्षात येत नाही. शाओमीच्या अनेक फोनच्या वरच्या कडेला इन्फ्रारेड एलईडी बसवलेला असतो आणि त्यासाठी मी रिमोट हे ॲपही मिळतं. तुमचा नसला तर भाच्याचा किंवा शेजाऱ्याचा फोन असेल. ॲपमध्ये टीव्ही निवडा, ब्रँड निवडा. ते एकेक आज्ञा पाठवतं आणि 'टीव्हीने ऐकलं का' असं विचारतं. फोनची यादी घडीच्या कागदापेक्षा कितीतरी मोठी आणि नवी असते. फोनने टीव्ही चालला तर दोन गोष्टी एकदम सिद्ध होतात: टीव्हीचा डोळा शाबूत आहे, आणि कमतरता तुमच्या रिमोटच्या यादीत आहे.

फोननेही काही झालं नाही तर टीव्हीकडे बघा. रिमोटचा डोळा पुढच्या पट्टीच्या खाली एखाद्या गडद ठिपक्यामागे असतो. त्यावर धूळ, चिकटपट्टी किंवा नव्या टीव्हीचा न काढलेला प्लास्टिकचा कागद नाही ना? खिडकीतून थेट ऊन त्यावर येत असेल तर पडदा ओढा. उन्हातल्या इन्फ्रारेडपुढे रिमोटचा उजेड टिकत नाही. जवळ सीएफएल दिवा असेल तर तोही बंद करून बघा. अशा दिव्यांच्या आतल्या सर्किटची लुकलुक नेमकी रिमोटच्या लुकलुकीच्या आसपास येते. एवढं करून दोन फुटांवरूनही काही होत नसेल, तर टीव्हीच्या आतला तीन पायांचा रिसीव्हर गेला असण्याची शक्यता धरावी. जुलै-ऑगस्टात कृष्णेचं पाणी घरात शिरतं त्या भागांत, म्हणजे सांगलीच्या सखल पेठांपासून नदीकाठच्या गावांपर्यंत, ओल लागलेल्या टीव्हीत हा भाग गंजलेला सापडतो. भाग स्वस्त आहे, पण तो बदलायला टीव्ही उघडावा लागतो आणि प्लग काढल्यावरही पॉवर सप्लायच्या कपॅसिटरमध्ये वीज शिल्लक राहू शकते. हे काम मेकॅनिकचंच.

शिकणारा रिमोट: तासगावच्या घरातलं एक उदाहरण

समजा तासगावात एका घरी ३२ इंची एलईडी आहे. पुढे एक अनोळखी नाव, कागदावरच्या यादीत ते नाहीच. पाठीवरच्या स्टिकरवरही फक्त मॉडेल नंबर. मूळ रिमोट गेलेला. स्वयंशोधाच्या पूर्ण फेरीत एका कोडने आवाज आणि पॉवर चालली, मेनू नाही. शेजाऱ्याच्या फोनमध्ये तो ब्रँड नव्हता, पण यादीतल्या नावांचे कोड एकेक तपासताना एकाने मेनू, सोर्स आणि बाण सगळं चाललं. मूळ रिमोट नसला तरी आता शिक्षक मिळाला आहे.

अशा वेळी 'लर्निंग' लिहिलेला रिमोट घ्यावा. त्याला कोडची यादी लागत नाही, दुसऱ्या रिमोटची लुकलुक जशीच्या तशी तो पाठ करतो. डीटीएचच्या काही रिमोटवर टीव्हीसाठी चौकटीत वेगळी चार-पाच बटणं असतात, तीही अशीच शिकणारी. घरात तसा रिमोट असेल तर नवा घ्यायची गरजही पडत नाही. मात्र तिथे जागा तेवढीच, म्हणून पॉवर, आवाज आणि सोर्स आधी शिकवा.

दोन्ही यंत्रं टेबलावर आडवी, तोंडाला तोंड आणि एका उंचीवर ठेवा. मध्ये दोन ते पाच सेंटिमीटर अंतर हवं. अगदी चिकटवली तर उजेड इतका प्रखर होतो की शिकणाऱ्याला खुणा वेगळ्या कळत नाहीत. फोनचा एलईडी वरच्या कडेला कुठे आहे ते आधी बघून घ्या, तो बहुधा मधोमध नसतो. शिकण्याचं बटण धरून दिवा स्थिर करा, जे बटण शिकवायचं ते नव्या रिमोटवर एकदा दाबा, दिवा लुकलुकू लागेल. मग फोनवरची तीच आज्ञा दाबा. दिवा दोन-तीनदा मिचकावून पुन्हा स्थिर झाला की ते बटण शिकलं. लगेच पुढचं घ्या, शेवटी शिकण्याचं बटण पुन्हा दाबून बाहेर पडा. उन्हात किंवा सीएफएलखाली हे करू नका, भलतंच काहीतरी पाठ होतं.

शिक्षकाचं बटण किती वेळ दाबायचं, हीच यातली खरी गोम. फार लांब धरलं तर काही रिमोट मूळ आज्ञेऐवजी तिच्यामागून जाणारी 'दाबून धरलंय' ही छोटी खूण पकडतात. मग बटण शिकल्यासारखं दिसतं आणि टीव्ही ढिम्म राहतो. अर्धा-एक सेकंदाचा साधा दाब पुरे. जुन्या फिलिप्सच्या पद्धतीत आणखी एक गंमत आहे: प्रत्येक दाबाबरोबर एक खूण उलटसुलट होते, शिकलेल्या बटणात मात्र ती गोठते. त्यामुळे ११ नंबरचा चॅनेल लावताना दुसरा '१' टीव्ही घेत नाही. तो रिमोट बिघडलेला नसतो. मध्ये क्षणभर थांबलं किंवा चॅनेल प्लस-मायनसने गेलं की काम होतं.

फोननेही जमलं नाही तर बोर्डाचा नंबर

स्थानिक जोडणीच्या एलईडी टीव्हींत वेगवेगळ्या नावांखाली एकच मदरबोर्ड असतो. व्ही५६, व्ही५९ अशा नावांचे बोर्ड मेकॅनिक मंडळींच्या चांगल्या ओळखीचे आहेत. अशा टीव्हीला ब्रँडचा नाही, बोर्डाचा रिमोट चालतो. पॅनल बदलताना किंवा दुरुस्तीत बोर्ड बदललेला असेल तर मोठ्या कंपनीच्या टीव्हीचंही हेच होतं: पुढे नाव तेच, पण त्या नावाचा एकही कोड लागत नाही. घरात कुणी 'मागच्या वर्षी बोर्ड टाकला' असं म्हणालं की कोड शोधणं तिथेच थांबवावं आणि ज्याने टाकला त्यालाच विचारावं. दुकानात जाताना टीव्हीच्या पाठीवरच्या स्टिकरचा फोटो, अंगावरच्या बटणाने उघडलेल्या मेनूचा फोटो, आणि मूळ रिमोटचा जुना फोटो सापडला तर तोही न्या. मेनूची ठेवण बघून सरावलेला दुकानदार बोर्ड ओळखतो. फॅक्टरी मेनूमध्ये शिरून रिमोटचा प्रकार बदलता येतो हे खरं, पण तिथे पॅनलची सेटिंग्जही असतात आणि चुकीचं काही दाबलं तर पडदा उलटा किंवा काळा होतो. ते ऐकीव माहितीवर करू नये.

इन्फ्रारेड मुळीच नसलेली उपकरणंही असतात. फायर टीव्ही स्टिक ब्लूटूथवर चालते, तिला कागदावरचा कोणताही कोड लागणार नाही. अँड्रॉइडवर चालणाऱ्या टीव्हीचा रिमोट गेला असेल तर फोनवरचं गूगल टीव्ही ॲप रिमोट बनतं, पण फोन आणि टीव्ही एकाच वाय-फायवर हवेत. राउटर बदलल्यामुळे टीव्ही वाय-फायवरच नसेल, तर टीव्हीच्या यूएसबीत कॉम्प्युटरचा साधा माउस लावा. पडद्यावर बाण येतो आणि सेटिंगमध्ये जाऊन नवा पासवर्ड टाकता येतो.

कोड लागला की तो चिकटपट्टीवर लिहून सेलच्या झाकणाच्या आतून चिकटवा. स्वस्त रिमोटची आठवण सेल काढल्यावर थोडाच वेळ टिकते. सेल बदलताना नवे हातात ठेवा आणि जुने काढल्याबरोबर घाला. तरीही कोड पुसला गेला तर पट्टीवरचे आकडे टाकले की झालं.